खाली पडणारे कण

पद्मजाला कुणी संशयी म्हटलं की राग यायचा. ती स्वतःला सावध म्हणायची. भाजीवालीने वजन केलं की काटा पुन्हा शून्यावर येतोय का ते बघायचं, कुरिअरचं पाकीट आधी उजेडात धरायचं, जिन्यात कुणी दोन मिनिटं जास्त रेंगाळलं की दार उघडून 'कोण हवंय?' विचारायचं, याला सावधपणा नाही तर काय म्हणायचं? माणूस एकदा पोळला की असा होतो, हे ती सगळ्यांना सांगे. खरं म्हणजे ती पोळायच्या आधीपासूनच अशी होती. पण ते तिला कोण सांगणार!

पोळली मात्र होती, हे खोटं नाही. नवीन पनवेलमध्ये स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिने बारा वर्षं लग्नाचे व्हिडिओ एडिट केले. एके दिवशी भागीदार सुशांत सगळी गिऱ्हाइकं, अल्बमची डिझाइनं आणि एक चांगला कॅमेरा घेऊन चालता झाला. त्यानंतर पद्मजाने नवा धंदा उभा केला तो कॅमेऱ्याशिवायचा. आता काँप्युटरला नुसतं वर्णन लिहून द्यायचं आणि तो आठ सेकंदांचं चित्र हलतं करून देतो. त्या वर्णनाला प्रॉम्प्ट म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, यात काय मोठं? चार वाक्यं लिहायची. करून बघा म्हणावं!

पद्मजाची खासियत होती पाण्याखालची दृश्यं. हळदीच्या गाण्यांचे व्हिडिओ काढणाऱ्यांना नवरी समुद्रात पोहताना हवी असते, आणि खऱ्या नवरीला खऱ्या पाण्याखाली नऊवारीत उतरवायला कुणी धजत नाही. चार महिने डोकं खपवून पद्मजाने एक प्रॉम्प्ट जमवला होता. त्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, उजेडाची जाळी. पाणी उथळ आणि नितळ असेल, वर ऊन असेल, तर लाटांमधून येणारा उजेड तळावर आणि अंगावर हलत्या जाळ्यासारखा पडतो. धंद्यातले लोक त्याला कॉस्टिक्स म्हणतात, ऑफिसात सगळे जाळीच म्हणत. दुसरी, पाण्यात तरंगणारे कण. ते नसले तर पाणी पाणी वाटत नाही, निळी काच वाटते. तिसरी पोहणं. नुसतं 'स्लो मोशन' लिहिलं तर नवरी हवेत लटकल्यासारखी दिसते. पाणी जड आहे, आठ सेकंदांत पाय दोनदाच हलतात, केस आणि पदर अंगाच्या मागून अर्धा क्षण उशिरा वळतात, असं लिहिलं की पोहणं खरं होतं. हा प्रॉम्प्ट म्हणजे पद्मजाची तिजोरी होती, आणि त्या तिजोरीची किल्ली नाइलाजाने दोन माणसांकडे होती.

एक कल्पेश. हा पुण्याहून आलेला, पंचविशीचा, कानात सदा हेडफोन. दिलेलं काम दिलेल्या वेळेत करायचा आणि वर एक अक्षर बोलायचा नाही. पद्मजाला असली माणसं आवडत. दुसरी समीक्षा, बेलपाड्याची. तिला जगनशेठनी आणून दिली होती. जगनशेठ तिच्याच गावचे, पन्नाशीचे, जमिनी गेल्यावर बांधकामात शिरलेले आणि गाण्यांपायी वेडे झालेले. 'आमचे गावची पोर हाय, हुशार हाय,' एवढंच म्हणाले होते. हुशार तर ती होतीच. पद्मजाला तीच तर काळजी होती.

सगळं सुरू झालं ते कामोठ्यातल्या एका स्टुडिओच्या व्हिडिओवरून. पद्मजा दुपारी डबा खाताना फोन बघत होती आणि तिचा घास तोंडातच राहिला. लाल नऊवारीतली नवरी, पाण्याखाली. दंडावर उजेडाची जाळी, मागे संथ तरंगणारा पदर. अगदी आपलंच! पद्मजाच्या मनात शंकेची पाल जी चुकचुकली ती गप्प बसायलाच तयार होईना. चार महिन्यांची मेहनत कामोठ्याला पोचली कशी?

मग तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. समीक्षाची मावशी कामोठ्यात राहते. समीक्षा आठवड्यातून दोनदा तिकडे जाते. समीक्षा रोज एक वाजता, डबा खाऊन झाला की, फोन घेऊन गच्चीवर जाते आणि वीस मिनिटं येत नाही. वीस मिनिटं कुणाशी बोलते? एकदा पद्मजा हळूच जिना चढून गेली, तर समीक्षा उन्हात उकिडवी बसून फोन खाली धरून काहीतरी करत होती. पद्मजाला बघून ती दचकून उठली आणि म्हणाली, "काही नाही मॅडम." आता 'काही नाही' हे उत्तर ज्याने काही केलं नाही तो कशाला देईल?

समोरासमोर विचारावं हा सरळ रस्ता होता. पण सरळ रस्ता पद्मजाला कधी पटलाय? तिने सापळा लावायचं ठरवलं. दोघांना प्रॉम्प्टच्या नव्या प्रती दिल्या आणि प्रत्येक प्रतीत एक एक खोट मुद्दाम घातली. कल्पेशच्या प्रतीत लिहिलं, की पाणी खोल आणि काळं आहे आणि तळावर उजेडाची जाळी लख्ख पडली आहे. जिथे ऊन पोचतच नाही तिथे जाळी कुठून येणार? समीक्षाच्या प्रतीत लिहिलं, की कण वरून खाली सावकाश पडत आहेत. खऱ्या पाण्यात एवढे बारीक कण असे भुरुभुरु पडत नाहीत, ते जागच्या जागी तरंगतात आणि पाणी जिकडे हलेल तिकडे सगळे मिळून सरकतात. शुद्धीवर असलेला माणूस या चुका आपणहून लिहिणार नाही. म्हणजे कामोठ्याच्या पुढच्या व्हिडिओत जी चूक दिसेल तिच्या मालकाने प्रॉम्प्ट विकला! आपल्या हुशारीवर पद्मजा इतकी खूश झाली की त्या संध्याकाळी तिने घरी श्रीखंड नेलं.

दुसऱ्याच दिवशी समीक्षा तिच्या टेबलाशी आली. "मॅडम, नव्या प्रॉम्प्टमध्ये कणांची ओळ चुकलीय. पाण्यात असे पडत नाहीत."

"जसं दिलंय तसं राहू दे," पद्मजा म्हणाली.

"पण बर्फ पडल्यासारखं दिसेल."

"समीक्षा, राहू दे म्हटलं ना?"

समीक्षा गेली. कल्पेश काहीच बोलला नव्हता. त्याने आपली प्रत घेतली, काँप्युटरात प्रॉम्प्टच्या जागी चिकटवली आणि कामाला लागला. याला म्हणतात गुणी मुलगा, असं पद्मजाला वाटलं.

काम होतं जगनशेठच्याच गाण्याचं. लग्न ठरलेली आगरी मुलगी दर्याला लग्नाचं आवतन द्यायला पाण्याखाली जाते, अशी कल्पना खुद्द शेठची. उथळ पाण्यातला उन्हाचा भाग समीक्षाकडे, खोल काळ्या पाण्यातला कल्पेशकडे. तीन आठवडे दोघं खपत होती. त्या तीन आठवड्यांत पद्मजाने समीक्षावर बारीक नजर ठेवली. ती किती वाजता येते, कुणाचा फोन घेते, हसते कधी, गप्प होते कधी, सगळं तिला पाठ झालं. समीक्षाकडे बघण्यात ती इतकी गुंतली, की समीक्षाचं काम बघायचं राहूनच गेलं.

आणि मग कामोठ्याचा दुसरा व्हिडिओ आला. पद्मजाने तो श्वास रोखून लावला. निळं पाणी, नवरी, आणि वरून खाली, सावकाश, भुरुभुरु पडणारे पांढरे कण. तिने तो तीनदा बघितला. सापडली! तिला आनंद झाला की वाईट वाटलं हे तिचं तिलाच कळेना. दोन्ही झालं असणार, पण त्या घटकेला आनंद मोठा होता.

तिने एक दिवस कळ काढली असती, समीक्षाला एकटीला बोलावलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जगनशेठ गाणं बघायला यायचे होते, आणि ज्यांनी मुलगी आणून दिली त्यांच्यासमोरच दूध का दूध, पानी का पानी व्हावं असं पद्मजाच्या मनाने घेतलं.

जगनशेठ आले, पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, बरोबर पेढ्यांचा पुडा. समीक्षा लगबगीने पाणी घेऊन आली. "बसा काका." पडद्यावर गाणं सुरू झालं. आधी समीक्षाचा भाग. नवरी पाण्यात उतरते. तळाच्या वाळूवर उजेडाची जाळी हलते, नवरीच्या दंडावरून सरकत जाते, ती जरा खाली गेली की फिकी होते. कण अगदी थोडे, जवळचे धूसर, आणि पदर ज्या बाजूला वाहतो त्याच बाजूला तेही सरकतात. जगनशेठ पुढे सरकून बसले. "अगो पोरी," ते हळूच म्हणाले, "यो तर खराच दर्या हाय गो."

पद्मजाच्या मात्र कपाळावर आठ्या पडल्या. कण पडत नव्हते! म्हणजे हिने इथे ती ओळ काढली आणि तिकडे तशीच विकली. केवढी पोचलेली मुलगी!

मग कल्पेशचा भाग आला. काळं पाणी, आणि त्या काळोखात तळावर लख्ख उजेडाची जाळी. जगनशेठ मागे टेकले. "ताई, एवऱ्या काल्या पान्यान उन कसा आला? यो नाय बरोबर. आमी होरी घेऊन दर्यान गेलेली मानसा, आमाला समजता."

"ते बघू आपण नंतर," पद्मजा घाईने म्हणाली. "शेठ, आधी मला एक दाखवायचंय. तुम्ही इथे आहात तेच बरं झालं." तिने फोनवरचा कामोठ्याचा व्हिडिओ पडद्यावर लावला. "हे कण बघा. खाली पडतायत. ही चूक मी मुद्दाम लिहिली होती, फक्त समीक्षाच्या प्रतीत. जगात दुसऱ्या कुणाकडे ती ओळ नव्हती. मग ती कामोठ्यात कशी गेली, हे समीक्षाने सांगावं."

कल्पेशने हेडफोन काढले. जगनशेठ समीक्षाकडे बघत होते, आणि त्या बघण्यात राग नव्हता, शरम होती. तीच बघून समीक्षाचा चेहरा उतरला. गावात ही गोष्ट संध्याकाळच्या आत पोचणार होती, शेठ न बोलले तरी. बेलपाड्याची पोर चोरी करताना सापडली. तिच्या आईने कुणाच्या दारात उभं राहायचं?

"मी नाय विकला," समीक्षा म्हणाली. ऑफिसात ती नेहमी शुद्ध बोलायची. आज तिला त्याचं भान नव्हतं.

"मग गच्चीवर रोज कुणाशी बोलतेस? मावशीकडे सारखी कशाला जातेस?"

"मावशीचे बाजूला माजी बहीन क्लासला जाते, तिला आनायला." तिने फोन काढला आणि पद्मजाच्या पुढ्यात टेबलावर ठेवला. त्यात गच्चीवरचे व्हिडिओ होते, चाळीस तरी असतील. पांढरं प्लॅस्टिकचं घमेलं, त्यात पाणी, वर ऊन, आणि घमेल्याच्या तळाला थरथरणारी उजेडाची जाळी. कुठे बोटाने पाणी हलवलेलं, कुठे नुसती वाऱ्याची लहर. "जाळी किती जोरात सरकते, ते बघत होते. वारा कमी असला का ती मोठी होते आनि सावकाश चालते. तवा वाटला, बघून लिवला तर बरा होईल."

पद्मजा क्षणभर गडबडली. पण कण तर पडत होते ना? कण काही घमेल्यातून आले नव्हते. "ते असू दे. त्या ओळीचं सांग."

समीक्षाने खुर्ची ओढली आणि पद्मजाच्याच काँप्युटरसमोर बसली. प्रॉम्प्टची जागा कोरी होती. तिने इंग्रजीत पाचच शब्द लिहिले, पाण्याखाली पोहणारी नवरी एवढ्याच अर्थाचे. जाळी नाही, कण नाही, काही नाही. बटण दाबलं. दीड मिनिट लागतं त्याला. त्या दीड मिनिटात कुणीही पेढ्याच्या पुड्याला हात लावला नाही.

चित्र आलं. निळं पाणी, नवरी, आणि वरून खाली भुरुभुरु पडणारे पांढरे कण.

समीक्षाने शब्द बदलले. नवरीच्या जागी मासा. पुन्हा दीड मिनिट. पुन्हा कण पडले. तिसऱ्यांदा नुसता समुद्राचा तळ. तरी पडले.

"काय नाय लिवला तरी पडतात मॅडम," ती म्हणाली. आता तिचा आवाज शांत झाला होता आणि बोलणं पुन्हा ऑफिसातलं. "पाण्यात पांढरे ठिपके आले की हा पाडतोच त्यांना. बर्फाचे व्हिडिओ बघून शिकला असेल, मला काय माहीत. आपण रोखलं नाही तर पडणारच. म्हणून तर लिहावं लागतं, की कण थोडे, जागेवर तरंगणारे, पाण्याबरोबर आडवे सरकणारे. जाळी आणि वाहता पदर कुणालाही सुचतो, पण कणांचं कामोठ्याच्या लोकांनी काहीच लिहिलं नसेल. त्यांना तुमचा प्रॉम्प्ट मिळाला असता तर त्यांचे कण पडले नसते."

प्रॉम्प्ट जमवताना पद्मजाने स्वतःच कणांचं ते वाक्य घातलं होतं, आणि ते का घातलं होतं हे ती साफ विसरली होती. इतके दिवस त्या वाक्याच्या आधाराने कण नीट तरंगताना बघून, ते आपोआपच तरंगतात असं तिच्या डोक्यात बसलं होतं. आणि काँप्युटर जी चूक कुणाच्याही हातून फुकट करतो, ती तिने चोर पकडायची खूण म्हणून लिहून ठेवली होती.

"आणि ती ओळ मी तुम्ही दिली त्याच दिवशी काढली," समीक्षा म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तरी. शॉट घाण दिसत होता. तेवढी माझी चूक आहे." तिने आपली प्रत उघडून दाखवली. बदल केल्याची तारीख आणि वेळ तिथेच होती.

आता कल्पेशने विचारलं, "मॅडम, माझ्या प्रतीत कोणती चूक होती?"

पद्मजाने सांगायच्या आधीच ते जगनशेठच्या ध्यानात आलं. "म्हंजे तो काल्या पान्यातला उन," ते म्हणाले, "तुमी मुद्दाम घातलाव? माजे गान्यान?"

"शेठ, मी ते बदलूनच देणार होते," पद्मजा म्हणाली. ते खरं होतं का, हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. तीन आठवडे त्या शॉटकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

शेठ चिडले असते, आवाज चढवला असता, तर तिला बरं वाटलं असतं. ते फक्त उठले. "गाना माजे भावाचे पोरीचे लग्नात लावाचा हाय. नीट करून द्या. आनि ताई, पोरीला मी आनलेली. तिचे आयशीला मी सबूद दिलता." जाता जाता त्यांनी समीक्षाच्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना उतरून गेले.

पद्मजा समीक्षासमोर उभी राहिली. माफी मागायची तिला सवय नव्हती, पण आता तिने ती सरळ मागितली. "समीक्षा, माझं चुकलं. चारचौघांत तुझी अब्रू काढली मी. मला माफ कर. मी शेठना फोन करते, तुझ्या आईला भेटायला बेलपाड्याला येते. पण तू जाऊ नकोस." त्यात काही खोटं नव्हतं.

समीक्षाने डबा पिशवीत ठेवला, चार्जर गुंडाळला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आईला भेटा," ती म्हणाली. "ते करा तुम्ही. पण मॅडम, मी आता इथे बसले तर तुम्ही दिलेली प्रत्येक ओळ बघून मला वाटणार, की ही खरी आहे की मला अडकवायला लावलीय? मला असं नाही जमणार हो. माझ्याकडून तसं काम नाही होणार."

"मी पुन्हा कधीच—"

"माहितेय," समीक्षा मायेने म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

ती गेल्यावर पद्मजा कामाला बसली, कारण गाणं नीट करून द्यायचं होतं. तिने कल्पेशच्या भागाचा प्रॉम्प्ट नव्याने लिहिला: पाणी खोल, तळ अंधारात, जाळी नाही, वरून येणारा फिका निळा उजेड फक्त नवरीच्या खांद्यांवर. लिहून झाल्यावर तिने तो दोनदा वाचला. त्यात एकही खोट नव्हती. तिने तो कल्पेशला पाठवला आणि म्हणाली, "हा घे, बरोबर आहे."

कल्पेशने तो उघडला. इतके महिने तो आलेली प्रत न बघता चिकटवायचा. आज त्याने हेडफोन टेबलावरच ठेवले, पडद्याच्या जवळ सरकला, आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागला.